चौदा नंबरचा लॅपटॉप

आमच्या शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमधून खडूचा तुकडासुद्धा सहीशिवाय बाहेर जात नाही, असं मी नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ऐकवत असे. ऐकवताना मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. कसबा पेठेतली मुलींची शाळा, जिना अंधारा, वर्ग लहान, पण लॅबचं रजिस्टर असं की कुणी बोट ठेवायची सोय नाही. तारीख, लॅपटॉपचा नंबर, घेणाऱ्याचं नाव, वेळ, परत केल्याची वेळ, शेरा आणि शेवटी प्रयोगशाळा प्रमुख म्हणून माझी सही. पानांना नंबर मी स्वतः घातले होते. कुणी पान फाडलं तर कळायला नको?

लॅपटॉप वीस होते. हिंजवडीतल्या एका कंपनीने दिलेले, त्यांच्याकडे वापरून जुने झालेले. ते साधे लॅपटॉप नव्हेत. झाकण उघडलं की ब्राउझर, आणि ब्राउझर म्हणजेच सगळं. आपल्या खात्याने आत शिरायचं, इंटरनेटवर काम करायचं, बाहेर पडायचं. बाहेरचं काही त्यात घालता येत नाही, म्हणून व्हायरसची भानगड नाही. मला तर ते एकदम पसंत पडले. मुलींनी काहीही दाबलं तरी बिघडत नाही अशी वस्तू शाळेत फार कमी असते.

तर एकदा सप्टेंबरात, शाळा सुटल्यावर, मी कपाटात लॅपटॉप चार्जिंगला लावत होते. चौदा नंबरचा पूर्ण बंद पडलेला दिसला म्हणून चालू करून पाहिला. नेहमीचं चिन्ह यायच्या ऐवजी पांढरा पडदा आला, मध्यभागी लाल उद्गारचिन्ह, आणि खाली इंग्रजीत की ओएस व्हेरिफिकेशन बंद आहे, पुन्हा चालू करण्यासाठी स्पेस दाबा. मी नुसती बघत राहिले. अर्धं मिनिट झालं असेल, मशीनने दोनदा टूं टूं केलं आणि जणू काही घडलंच नाही अशा थाटात नेहमीसारखं सुरू झालं. माझ्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हा.

रजिस्टर उघडलं, नावांच्या रकान्यावरून बोट फिरवलं. चौदा नंबर गेला महिनाभर एकाच व्यक्तीच्या नावावर जात होता. आमच्या नव्या विज्ञानाच्या बाई.

या बाई वर्ध्याकडच्या. वय तिशीच्या आत, कंत्राटावर नेमलेल्या, आणि कंत्राट दिवाळीला संपणार होतं. पुढे ठेवायचं की नाही ते दसऱ्यानंतर संस्थेच्या बैठकीत ठरणार, आणि मुख्याध्यापिका बाई शिफारस देतील त्यावर ते अवलंबून. घरी वडील अंथरुणावर, धाकटी बहीण इथेच कॉलेजात, हे सगळं स्टाफरूमला ठाऊक होतं. त्या स्वतः कधी बोलायच्या नाहीत. डबा खायच्या आणि वह्या तपासायच्या. बोलल्या तर आमच्या कानाला जरा वेगळं लागायचं, ‘मी करून राहिली आहे नं मॅडम’ असं. पुण्यात या बोलण्यावर लोक हसतात. मी हसले नाही, पण दुरुस्त मात्र दोनदा केलं. आता आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

भाचा माझा हिंजवडीतच नोकरीला. त्याला फोन लावला. तो म्हणाला, मावशी, कुणीतरी डेव्हलपर मोड चालू केलाय. मग त्याने मला शिकवायला घेतलं, आणि माझी शिकायची तयारी नव्हती हे त्याला कुठे ठाऊक. म्हणाला, हे मशीन दर वेळी चालू होताना आपल्या आतल्या प्रणालीवर कंपनीची सही आहे का ते तपासतं, आणि सही जुळली तरच पुढे जातं. डेव्हलपर मोडमध्ये ती तपासणी बंद होते, म्हणून तो पांढरा पडदा दर वेळी बजावतो की सावध राहा. हा मोड चुकून चालू होत नाही. एस्केप, रिफ्रेश आणि पॉवर अशी तीन बटणं एकत्र दाबायची, मग कंट्रोल आणि डी, मग पुन्हा हो म्हणायचं. तुमचे लॅपटॉप शाळेच्या व्यवस्थापनाखाली नोंदवून तो मोड बंद ठेवला असता तर कुणाला चालूच करता आला नसता.

ते नोंदवायचं पत्र कंपनीने मला दोनदा पाठवलं होतं. मी ‘बघते’ म्हणून ठेवून दिलं होतं. ते मी भाच्याला सांगितलं नाही.

मी विचारलं, या मोडमधून दुसऱ्याचे पासवर्ड चोरता येतात का? तो म्हणाला, म्हणायचं तर कुणी तसलं काही बसवू शकतो, पण मावशी, एक ऐक, मोड चालू करतानाच मशीनमधलं आधीचं सगळं पुसलं जातं, त्यामुळे आधीच्या कुणाच्या फायली काही… मी म्हटलं, बरं बरं, आणि फोन ठेवला. मला हवं तेवढं मी ऐकलं होतं.

कारण सहामाही तोंडावर आली होती. सातवी ते नववीचे प्रश्नपत्रिकांचे मसुदे आम्ही सगळ्या याच लॅपटॉपवर टाइप करायचो, आपापल्या खात्यात शिरून. आणि स्टाफरूममध्ये कुणीतरी बोलून गेलं होतं की विज्ञानाच्या बाई संध्याकाळी शिकवणी घेतात, आमच्याच तीन-चार मुलींची. पगार तो किती, शिकवणी घेतली तर माझ्या पोटात दुखायचं कारण नव्हतं. पण लाल उद्गारचिन्ह, शिकवणी आणि प्रश्नपत्रिका या तीन गोष्टी एका रांगेत उभ्या राहिल्या की शहाण्या बाईचं डोकं फिरतं. माझं फिरलं.

मी पाळतच ठेवली म्हणा ना. रोज शाळा सुटल्यावर त्या दोन मुलींना घेऊन लॅबमध्ये यायच्या. चौदा नंबर घ्यायच्या, कोपऱ्यातल्या टेबलावर भिंतीकडे तोंड करून बसायच्या. चालू केल्या केल्या पांढरा पडदा यायचा आणि त्यांची दोन बोटं लगेच कंट्रोल आणि डी वर. पडदा डोळ्याचं पातं लवेपर्यंत गायब. मग काळी खिडकी, त्यात पांढरी अक्षरं भराभरा खालून वर. एका लहान डब्यातून हिरवा दिवा लुकलुकणारी एक लहानशी पट्टी काढून तिची वायर लॅपटॉपला जोडायच्या. पाच-दहा मिनिटं, की सगळं आवरून मोकळ्या.

मी एकदा सहज विचारल्यासारखं विचारलं, काय चाललंय? त्या म्हणाल्या, पाण्याच्या प्रकल्पाचं आहे मॅडम. आता पाण्याच्या प्रकल्पाला माणूस बादली घेईल, मोजपट्टी घेईल. काळ्या खिडकीत कसलं आलंय पाणी? आणि ती दोन बोटं इतक्या घाईने का? लपवायचं नसेल तर पडदा अर्धं मिनिट राहिला तर बिघडतं कुठे? त्यांच्या बोटांकडे बघून माझ्या डोक्यात तिडीक जायची.

पाण्याची अडचण खरी होती, हे मला माहीत होतं, हाच तर माझा कोडगेपणा. आमच्या शाळेत मधल्या सुट्टीआधीच मुलींच्या संडासातलं पाणी जातं. संस्थेला विचारलं की उत्तर ठरलेलं, टाकी सकाळी भरलेली असते, तुमच्या मुली नळ उघडे टाकतात. बाईंनी गच्चीवरच्या टाकीत ती पट्टी बसवली होती. दर दहा मिनिटांनी पाण्याची पातळी ती टिपून ठेवायची, म्हणजे टाकी सकाळी खरंच भरते का ते कळावं. पट्टीची स्मरणशक्ती एका दिवसापुरती, म्हणून रोज खाली आणून आकडे लॅपटॉपमध्ये उतरवून घ्यायचे आणि पट्टी पुन्हा कोरी करून वर लावायची. आकडे उतरवायचा त्यांचा छोटा प्रोग्रॅम आमच्या जुन्या मशीनमध्ये एरवी चालत नव्हता, तपासणी बंद केली तरच चालत होता. नव्या मशीनमध्ये म्हणे यासाठी वेगळी सोय असते. हे सगळं मला नंतर कळलं. आधी विचारलं असतं तर आधी कळलं असतं.

बैठकीसाठी मुख्याध्यापिका बाईंनी प्रत्येक विभागप्रमुखाकडून कंत्राटी शिक्षकांबद्दल चार ओळी मागितल्या. विज्ञानाच्या बाईंबद्दल मी लिहिलं की शाळेच्या लॅपटॉपमध्ये परवानगीशिवाय छेडछाड केली आहे, सुरक्षाव्यवस्था बंद केली आहे, परीक्षेच्या दृष्टीने गंभीर. कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला. देईन की नाही ते अजून ठरवलं नव्हतं, असं मी स्वतःला सांगत होते.

खंडेनवमीला आमच्याकडे सगळ्या यंत्रांची पूजा होते. शिपाईमामांची घंटा, बागकामाची कात्री, स्वयंपाकघरातली शेगडी, आणि आता लॅपटॉप. वीसच्या वीस मांडायचे, झाकणं उघडी, प्रत्येकाला हळदकुंकू, प्रत्येकासमोर झेंडूचं फूल, आणि फोटो काढून त्या कंपनीला पाठवायचा. पडद्यावर शाळेचं पान सगळ्यांवर सारखं दिसलं पाहिजे, असं मीच ठरवलेलं. विज्ञानाच्या बाई त्या दिवशी खालच्या मजल्यावर मुलींचा भोंडला बसवत होत्या. गाण्याचा आवाज वर येत होता.

मी एकेक चालू करत गेले. तेरा झाला, चौदा आला, आणि पांढऱ्या पडद्यावर ते लाल उद्गारचिन्ह. हळदकुंकवाचं ताट माझ्या डाव्या हातात. मला कंट्रोल आणि डी माहीत होतं, त्यांची बोटं मी कितीदा तरी पाहिली होती. काही न करता थांबले असते तरी अर्ध्या मिनिटाने आपोआप सुरू झालं असतं, तेही मला ठाऊक होतं.

मी स्पेस दाबलं.

पडदा बदलला. त्यावर इंग्रजीत लिहून आलं की तपासणी पुन्हा चालू करायची असेल तर एंटर दाबून नक्की करा, मशीन पुन्हा सुरू होईल आणि त्यातली स्थानिक माहिती पुसली जाईल. मी हे वाचलं. इंग्रजी मला चांगलं येतं, सावकाश वाचलं, शेवटपर्यंत वाचलं. ‘पुसली जाईल’ इथे मी थांबले आणि मनात म्हटलं, जाऊ दे, काय असेल ते जाऊ दे, एकदाचं निस्तरेल. आणि एंटर दाबलं.

मशीन बंद झालं, चालू झालं, थोडा वेळ काहीतरी करत बसलं, आणि मग स्वागताचा पडदा आला, दुकानातून आणल्यासारखा, भाषा निवडा म्हणणारा. उद्गारचिन्ह नाही, टूं टूं नाही. मी पाहुणा म्हणून, म्हणजे कुणाच्या खात्याशिवाय, आत शिरून शाळेचं पान उघडलं आणि झेंडूचं फूल ठेवलं. फोटो छान आला.

दसऱ्याची सुट्टी संपून शाळा भरली त्या दिवशी दुपारी बाई दोन मुलींना घेऊन आल्या. चौदा नंबर उघडला आणि दोन बोटं सवयीने खाली गेली, पण पांढरा पडदा आलाच नाही. मी कपाटापाशी उगाच वायरी गुंडाळत उभी. त्यांनी पुन्हा बंद करून चालू केला. मग त्या हळूहळू खुर्चीत मागे टेकल्या. मुलींपैकी एक म्हणाली, बाई, आपले आकडे? त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, कुणी स्पेस दाबलं होतं का मॅडम? मी म्हटलं, हो, मी दाबलं, पूजेच्या दिवशी, पडद्यावरच तसं लिहिलं होतं. पुसलं जातं हे मला काय माहीत!

तोंडातून सहज निघालं. इतकं सहज की माझाच विश्वास बसला.

सहा आठवड्यांचे आकडे होते. पहिल्या पंधरा दिवसांचे मुलींनी आलेखाच्या कागदावर उतरवले होते, बाकीचे फक्त त्या मशीनमध्ये. लॅबच्या इंटरनेटवरून ते बाईंच्या खात्यात वर चढवायला घेतले की मध्येच तुटायचं, म्हणून सुट्टीनंतर सगळे एकदम घरून चढवू, असं ठरलं होतं. विज्ञान प्रदर्शन पुढच्या आठवड्यात. पंधरा दिवसांवरून काही सिद्ध होत नाही, कारण ते गणपतीचे दिवस, शाळा निम्मी बंद. बाई मुलींना म्हणाल्या, आपण पुन्हा सुरू करू. एक मुलगी रडायला लागली. मला त्या मुलीचा रागच आला. आता कळतं की तो राग दुसऱ्याच कुणावर होता.

खरं तर तेव्हाच गप्प बसायला हवं होतं. पण माणूस एकदा घसरला की हात टेकायला जागा शोधतो, आणि माझ्या पर्समध्ये ती घडी घातलेली चार ओळींची जागा होती. त्याच दुपारी कागद मुख्याध्यापिका बाईंच्या टेबलावर ठेवला. आमच्या मुख्याध्यापिका बाई शांत, पण संस्थेला घाबरून असतात. त्यांनी विज्ञानाच्या बाईंना बोलावून घेतलं, माझ्यासमोरच.

बाईंनी नाकारलं काहीच नाही. मोड मी चालू केला, प्रकल्पासाठी केला, म्हणाल्या. मुख्याध्यापिका बाईंनी विचारलं, परवानगी? त्या म्हणाल्या, तोंडी नाही घेतली, चुकलं माझं, पण रजिस्टरमध्ये लिहून ठेवलं होतं, मॅडमनी सही केली होती. आणि प्रकल्पाचे आकडेच दाखवले असते, पण ते आता…

मुख्याध्यापिका बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, “रजिस्टर माझ्या ताब्यात असतं. असं काहीही लिहिलेलं नाही.”

हे बोलण्याआधी रजिस्टर मी पुन्हा उघडून पाहिलं नव्हतं. बघायची गरजच वाटली नाही. माझं रजिस्टर, माझ्या सह्या, मला माहीत नाही? बाईंनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. रागाने नव्हे. समोरच्या माणसाची काही तरी चूक होत असेल, आता आठवेल त्याला, असं पाहिलं. मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, बरं, उद्या साडेदहाला बैठक आहे, मी काय ते कळवते. त्यांच्या आवाजावरून मला कळलं की शिफारस जाणार नाही.

साडेपाचला शाळा रिकामी झाली. शिपाईमामा खालून खिडक्या लावत येत होते. मी लॅबमध्ये जाऊन रजिस्टर काढलं. कशासाठी काढलं ते नक्की सांगता येत नाही. बहुधा खात्री करून घेऊन रात्री निवांत झोपायचं होतं. मी मागे मागे पानं उलटत गेले. गौरी-गणपतीच्या सुट्टीआधीचा आठवडा, लॅपटॉप चौदा, विज्ञानाच्या बाई, वेळ, आणि शेरा या रकान्यात बारीक, सरळ अक्षरात लिहिलेलं:

“पाणी प्रकल्पासाठी डेव्हलपर मोड चालू केला आहे. सुरुवातीला इशाऱ्याचा पडदा येतो, तो नेहमीचा आहे. कृपया स्पेस दाबू नये, आकडे पुसले जातील. अडचण असल्यास मला सांगावे.”

आणि त्या ओळीला लागून माझी सही. लफ्फेदार, खाली रेघ मारलेली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच शेरा, थोडक्यात, ‘स्पेस दाबू नये’. तिसऱ्या दिवशीही. त्या रोज लिहीत होत्या. मी रोज सही करत होते. रोज दुपारी वीस ओळींवर वीस सह्या, चहा पीत, कुणाशी तरी बोलत, सगळ्या मिळून दोन मिनिटांत. शेऱ्याचा रकाना मी आखला होता तो रजिस्टर भरलेलं दिसावं म्हणून. कुणी त्यात काही लिहील आणि ते आपण वाचायचं असेल, हे माझ्या डोक्यातच कधी आलं नाही.

मी तिथेच स्टुलावर बसले. एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर हे लिहिण्यात अर्थ नाही. त्या क्षणी मला पहिला विचार आला तो पानाचा. हे पान कुणी पाहिलंय? विज्ञानाच्या बाई आणि मी, बस्स. रजिस्टर लॅबच्या कपाटात, किल्ली माझ्याकडे. मग पानांचे नंबर दिसले, माझ्याच हाताने घातलेले, आणि मला हसू आलं. कसलं हसू ते विचारू नका. भाच्याचं बोलणं आठवलं, की ते मशीन दर वेळी सही वाचून बघतं आणि मगच पुढे जातं. मशीनसुद्धा.

शिपाईमामा दारात येऊन म्हणाले, बाई, कुलूप लावू का? मी म्हटलं, लावा. रजिस्टर पिशवीत घालून घरी नेलं. आयुष्यात पहिल्यांदाच ते लॅबच्या बाहेर गेलं, तेही सहीशिवाय.

सकाळी साडेनऊला मुख्याध्यापिका बाईंच्या खोलीबाहेर विज्ञानाच्या बाई उभ्या होत्या, निरोपाची वाट बघत. मी म्हटलं, तुम्ही पण आत या. आत गेल्यावर मी रजिस्टर टेबलावर ठेवलं, खूण घातलेलं पान उघडलं आणि मुख्याध्यापिका बाईंकडे वळवलं. त्यांनी वाचलं. पुढचं पान उलटून वाचलं. मग चष्मा काढून त्या माझ्याकडे बघत बसल्या.

मी सांगायला लागले की रोजच्या गडबडीत शेरा वाचायचा राहून जातो, सही आपली सवयीने होते. हे बोलताना माझ्या लक्षात आलं की मी अजूनही निसटायला बघते आहे. सही न वाचता केली हे खरं, पण तेवढंच कबूल केलं तर मी निष्काळजी ठरणार, आणि निष्काळजी ठरणं मला परवडत होतं.

विज्ञानाच्या बाईंनी तेव्हा विचारलं. आवाज अगदी साधा होता.

“पडद्यावर पण लिहून येतं नं मॅडम, पुसलं जाईल म्हणून. ते पण वाचायचं राहिलं का?”

मी म्हटलं, “नाही. ते वाचलं होतं. वाचूनच दाबलं.”

बाहेर दुसरीच्या मुली पाढे म्हणत होत्या. मी माझा चार ओळींचा कागद टेबलावरून उचलला, फाडला नाही. त्यावरच खाली लिहिलं की वरील मजकूर चुकीचा आहे, संबंधित शिक्षिकेने लेखी कळवलं होतं, मी इशारा वाचून हेतुपुरस्सर माहिती पुसली, आणि खाली सही केली. ती सही करायला मला फार वेळ लागला. मुख्याध्यापिका बाई तो कागद आणि रजिस्टर घेऊन बैठकीला गेल्या.

विज्ञानाच्या बाईंचं कंत्राट वर्षभरासाठी वाढलं. मला संस्थेने लेखी समज दिली, आणि ती देताना अध्यक्षांनी मला खुर्ची दिली नाही. दोन्ही योग्यच झालं. प्रदर्शनाला आमच्या मुली मात्र गेल्या नाहीत. पंधरा दिवसांचे आकडे घेऊन कुठे जाणार? ज्या दोघी होत्या त्या दहावीत, पुढच्या वर्षी शाळेत नसतील. त्या माझ्या तासाला येतात, प्रश्नांना उत्तरं देतात, आणि ‘बाई’ म्हणताना खाली बघतात. मी त्यांची माफी मागितली, वर्गात, सगळ्यांसमोर. त्यांनी ‘असू दे बाई’ म्हटलं. मुली शिकवल्यासारख्याच वागतात.

विज्ञानाच्या बाई माझ्याशी वाईट वागत नाहीत. चांगल्याही वागत नाहीत. दिवाळीनंतर त्यांनी चौदा नंबर पुन्हा मागितला आणि माझ्यासमोरच डेव्हलपर मोडमध्ये नेला. तीन बटणं, मग कंट्रोल आणि डी, मग एंटर, आणि मग दहा-एक मिनिटं मशीन आतलं सगळं पुसत बसलं. आम्ही दोघी त्या पडद्याकडे बघत बसलो. नव्या मुली निवडल्या आहेत, आठवीच्या. टाकीत पट्टी पुन्हा बसली आहे. आकड्यांसाठी आता रोज संध्याकाळी मी माझ्या मोबाइलचं इंटरनेट जोडून देते आणि ते वर चढतात. चढेपर्यंत मी थांबते.

एवढं सगळं झालं की मग त्या रजिस्टर माझ्यापुढे सरकवतात. शेरा लिहिलेला असतो, तेच बारीक सरळ अक्षर. मी पेन उघडते. पहिल्या दिवशी मी सवयीने थेट सहीच्या रकान्याकडे गेले, तर त्यांनी पानावर हात ठेवला. रागाने नाही, नुसता ठेवला.

“आधी वाचा मॅडम.”

तेव्हापासून मी वाचते. मोठ्याने वाचते, त्या आठवीच्या मुलींसमोर, ‘इशाऱ्याचा पडदा येतो, तो नेहमीचा आहे, कृपया स्पेस दाबू नये’. शेवटच्या शब्दापर्यंत त्यांचा हात पानावर असतो. मग त्या तो उचलतात आणि मी सही करते.